संध्याकाळी सातला बंद पडणारं मशीन

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात एक ताई छपाईचं दुकान चालवतात. पत्रिका, हँडबिल, पावती पुस्तकं, झेरॉक्स, लॅमिनेशन, जे येईल ते. दुकानात छापणारं मशीन एकच. सेकंड हँड घेतलेलं, रंगीत, ए-थ्री आकाराचं लेझर मशीन. 12 बाय 18 इंचाचा कागद आणि 300 जीएसएमचं जाड आर्ट कार्डही ते घेतं, म्हणून लग्नसराईत सगळा भार त्याच्यावरच. मी मिरजेत राहतो आणि अशी मशीनं दुरुस्त करतो. ही गोष्ट अक्षय तृतीयेच्या आधीच्या आठवड्यातली, म्हणजे ज्या दिवसांत मशीन एक तास थांबलं तरी दारात माणसं साचतात.

गुरुवारी संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास 500 पत्रिकांचं काम चालू होतं. एका मोठ्या शीटवर दोन पत्रिका बसवलेल्या, म्हणजे 250 शीट. त्यातल्या 90 निघाल्या आणि मशीन थांबलं. पडद्यावर फ्यूजरच्या तापमानाची एरर. ताईंनी मशीन बंद करून चालू केलं, छपाई सुरू होताच पुन्हा तीच एरर. असं त्यांनी सहा वेळा केलं. सहाव्यांदा मशीन गरम होण्याच्या टप्प्यावरच अडकलं आणि त्यानंतर काही केल्या पुढे जाईना. जिथून मशीन घेतलं होतं तिथे फोन केला तर उत्तर तयार होतं: फ्यूजर गेला, नवीन युनिट पंचवीस-सव्वीस हजार, यायला चार दिवस. त्यानंतर ताईंनी मला फोन केला.

फ्यूजर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लेझर मशीनमध्ये शाई नसते, टोनर नावाची बारीक प्लॅस्टिकची पूड असते. ड्रमवरून ती कागदावर येते तेव्हा नुसती बसलेली असते, फुंकर मारली तरी उडेल. शेवटी दोन रोलरांमधून कागद दाबून नेतात, त्यातला एक रोलर आतल्या हॅलोजन दिव्याने तापलेला असतो. तिथे टोनर वितळतो आणि कागदाच्या अंगात धरतो. ही जोडी म्हणजे फ्यूजर. मशीन जी वीज खाते त्यातला मोठा वाटा हा एकटा दिवा खातो, साधारण हजार-बाराशे वॅट. तापमान ठरलेल्या वेळात चढलं नाही, किंवा छापताना फार उतरलं, तर मशीन स्वतःहून थांबतं. हीच गडबड पुन्हा पुन्हा झाली तर बरीच मशीनं एररला कुलूप घालतात. मग स्विच बंद-चालू करून ती निघत नाही, सर्व्हिस मोडमध्ये जाऊनच काढावी लागते. आगीच्या भीतीने केलेली ही सोय आहे. म्हणून सहा वेळा बंद-चालू करणं ही त्या संध्याकाळची एकमेव चूक होती असं मी म्हणेन. दुसऱ्या वेळेलाच थांबायला हवं होतं.

बाकी मात्र त्यांनी फार नीट सांभाळलं. फ्यूजरचं झाकण उघडलं नाही, स्क्रू सोडवले नाहीत. मी फोनवर पहिली गोष्ट विचारली, "ताई, एरर आल्यावर मागच्या बाजूला, कागद बाहेर येतो तिथे, हात लावून बघा. गार आहे की गरम?"

"गरम आहे दादा. चांगलंच गरम."

हा प्रश्न फुकटचा आहे आणि निम्मी वाट त्यानेच कळते. फ्यूजर अगदी गार असेल तर आतला दिवा उडालेला असतो, किंवा त्याच्या मार्गातला थर्मल फ्यूज तुटलेला असतो, किंवा वीज देणारं बोर्ड गेलेलं असतं. म्हणजे काहीतरी खरंच मेलेलं असतं. गरम आहे पण पुरेसं नाही, असं असेल तर संशय वेगळीकडे जातो. या मशीनमध्ये असे दिवे दोन आहेत, त्यातला एक गेलेला असू शकतो, तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरवर टोनर आणि कागदाची धूळ बसून तो चुकीचं वाचत असू शकतो, किंवा दिव्याला पुरेशी वीजच पोचत नसते.

दुसरं मी विचारलं ते छापून झालेल्या शीटबद्दल. पहिल्या दहातली एक घ्या आणि शेवटच्या दहातली एक घ्या, दोन्ही गडद रंगाच्या जागी दुमडा आणि घडीवर नखाने ओढा. पहिलीवर काही झालं नाही. शेवटच्यावर घडीच्या रेषेतून टोनरचे पापुद्रे सुटले आणि खालचं पांढरं कार्ड दिसलं. म्हणजे मशीन थांबायच्या आधीपासूनच फ्यूजर हळूहळू गार होत चालला होता, दिवा एका क्षणात उडालेला नव्हता. ताई म्हणाल्या, "दोन दिवसांपूर्वी पण एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं, घडीवर रंग उडतो म्हणून. मला वाटलं कार्डच हलकं लागलं."

"दोन दिवसांपूर्वी ते काम किती वाजता काढलं होतं?"

"रात्री आठ-साडेआठला."

मग मी तिसरं विचारलं, आणि माझ्या मते हाच खरा प्रश्न होता: मशीन अलीकडे जागचं हललं होतं का? हललं होतं. मार्चमध्ये लॅमिनेशनचं टेबल बसवायला जागा हवी होती, म्हणून मशीन समोरच्या भिंतीला नेलं. आधीच्या भिंतीत मोठ्या पिनांचं 16 अँपिअरचं सॉकेट होतं. समोरच्या भिंतीत लहान पिनांचं, 6 अँपिअरचं होतं, जिथे पूर्वी टेबल फॅन लावायचे. मशीनचा प्लग मोठा, सॉकेट लहान, म्हणून बाजारातून एक कन्व्हर्टर आणून मध्ये बसवला होता. मी त्यांना भिंतीचा स्विच बंद करून, मेन एमसीबी खाली पाडून, मग कन्व्हर्टर काढायला सांगितला. त्याचा फोटो आला. एका पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन किंचित फुगलं होतं. फोटो पाहिल्यावर मी सांगितलं की आज रात्री त्या सॉकेटवर काहीही लावू नका आणि मशीनलाही हात लावू नका, सकाळी पहिल्या एसटीने येतो.

इथपर्यंत आठ वाजले होते. दुरुस्ती सकाळवर गेली, पण दारात माणूस उभा होता: 500 पत्रिकांच्या घरचे, नवऱ्या मुलाचे मामा. यापुढचं श्रेय सगळं ताईंचं आहे. मशीन बिघडलंय, बघू, होईल, असं मोघम त्या बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मामा, उद्या सकाळी तुम्हाला नक्की किती पत्रिका लागणार?" मामांनी हिशोब सांगितला. सकाळी कुलदैवताला पहिली पत्रिका ठेवायची, तिथून पुढे पुण्याच्या पाहुण्यांकडे जायचं, त्यांच्या धरून शंभर. गावातल्या आणि भावकीतल्या पत्रिका रविवारपासून वाटायच्या होत्या. चांगल्या शीट होत्या 60, म्हणजे 120 पत्रिका. ताईंनी प्रत्येक शीट उजेडात धरून, घडीची चाचणी घेऊन त्या वेगळ्या काढल्या, रात्री कापून मामांच्या हातात 120 दिल्या आणि उरलेल्या 380 शनिवारी संध्याकाळी देते म्हणून बिलाच्या पाठीमागे लिहून दिलं. गिऱ्हाईक 500 म्हणतं तेव्हा त्याला 500 एकाच वेळी लागतात असं क्वचितच असतं. पण ते विचारल्याशिवाय कळत नाही, आणि घाबरलेला दुकानदार नेमकं हेच विचारत नाही.

दुसरं अडलेलं काम होतं एका गावाच्या यात्रेच्या हँडबिलांचं, 2000 प्रती, एकाच रंगात, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. हे काम खरं तर ऑफसेटचंच, म्हणजे प्लेट करून शाईने छापायचं. लेझरवर ते ताई ओळखीपोटी काढून द्यायच्या. शेजारच्या तालुक्यात मिनी ऑफसेट असलेले एक जण त्यांच्या माहितीचे होते, त्यांना फोन करून त्यांनी कोरलड्रॉची फाइल पाठवली. दहा मिनिटांत तिकडून फोन आला की अक्षरं सगळी बिघडलीत. आपल्याकडे डीटीपीचं बरंच काम अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये चालतं. तोच फॉन्ट समोरच्या संगणकावर नसेल तर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग दिसते. कधी फॉन्ट असतो पण आवृत्ती वेगळी, मग बाकी मजकूर ठीक दिसतो आणि एखादं जोडाक्षरच फुटतं. ते जास्त वाईट, कारण छापून झाल्यावरच लक्षात येतं. उपाय सोपा आहे. फाइलची एक प्रत करायची, त्या प्रतीत सगळा मजकूर निवडून Ctrl+Q दाबायचं, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात आणि फॉन्टची गरजच संपते. मूळ फाइल तशीच ठेवायची, कारण आकार झालेल्या मजकुरात नंतर तारीख किंवा नाव टाइप करून बदलता येत नाही. ताईंनी तशी प्रत केली, पीडीएफ काढली, आणि तिकडच्या पडद्यावरचा फोटो मागवून मूळ मजकुराशी ओळ न ओळ ताडून पाहिला. साडेनऊला तेही काम मार्गी लागलं. तिसरं काम पावती पुस्तकांचं होतं, त्या माणसाला सोमवारचा वायदा दिला.

शुक्रवारी सकाळी नऊला मी पोचलो. गावातले एक अनुभवी वायरमन ताईंनी बोलावून ठेवले होते. त्यांनी सॉकेट तपासून, पिना साफ करून, फक्त मोजण्यापुरती ती जोडणी पुन्हा केली आणि ते स्वतः मेनजवळ उभे राहिले. मी सर्व्हिस मोडमधून एररचं कुलूप काढलं. मशीन गरम झालं, एरर आली नाही, पण नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. फ्यूजर तापत असताना दोन ठिकाणी व्होल्टेज मोजलं. मीटरच्या बोर्डावर 221, मशीनच्या सॉकेटवर 198. करंट साडेपाच अँपिअरच्या आसपास. म्हणजे मीटरपासून मशीनपर्यंतच्या अठरा-वीस मीटरमध्ये 23 व्होल्ट गायब होत होते. मशीन बंद असताना हेच दोन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसत होते. त्यामुळे टेस्टरचा दिवा लागला, पंखा फिरला, म्हणजे लाइन बरोबर आहे, असं धरून चालत नाही. खराब जोड हा भार पडल्यावरच स्वतःला दाखवतो. मोजायचं असेल तर मशीन तापत असतानाच मोजावं लागतं, आणि ते काम ज्याला येतं त्यानेच करावं.

ते 23 व्होल्ट वाया जात होते म्हणजे काय, तर साडेपाच अँपिअर गुणिले 23, सव्वाशे वॅटची उष्णता भिंतीत आणि सॉकेटात निघत होती. थोडी बारीक वायरीच्या लांबीत, पण मोठा भाग त्या सैल पडलेल्या जोडात. एखादा शंभर वॅटचा जुना बल्ब प्लॅस्टिकच्या डबीत कोंडून ठेवावा तसं. पिन तपकिरी का झाली ते यावरून समजतं. शिवाय हे आपणहून वाढत जातं: जोड तापतो, तापून सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो.

आता संध्याकाळचं गणित बघा. एप्रिल-मेमध्ये सहानंतर गल्लीतले कूलर सुरू होतात आणि मीटरवरचंच व्होल्टेज 205 च्या आसपास येतं. त्यातून 23 वजा केले की मशीनला उरतात 182. दिव्याची ताकद व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून वेगाने पडते. 230 ऐवजी 182 व्होल्ट मिळाले तर दिवा साधारण दोन-तृतीयांश ताकदीनेच तापतो. त्यात वरून 300 जीएसएमचं गार कार्ड एकामागून एक येतंय, आणि जाड कार्ड पातळ कागदापेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओढून नेतं. फ्यूजर भरून काढतो त्याहून जास्त गमावतो. आधी टोनर कच्चा राहतो, मग तापमान खाली येतं, मग एरर. मार्चमध्ये हाच कन्व्हर्टर होता, पण तेव्हा परीक्षांच्या झेरॉक्सचा पातळ कागद होता, कूलर नव्हते, आणि जोडही इतका जळलेला नव्हता. म्हणून महिनाभर काही दिसलं नाही.

तरीही फ्यूजर निर्दोष आहे हे गृहीत धरणं मला पटेना. मशीन बंद करून, प्लग काढून, पाऊण तास गार होऊ दिलं आणि मग तो बाहेर काढला. दोन्ही दिव्यांना मल्टिमीटरवर कंटिन्युइटी होती, म्हणजे ते आतून तुटलेले नव्हते. थर्मिस्टरवर तपकिरी थर होता, तो मऊ कापडाने हलक्या हाताने पुसला. रोलरवर चिरा नव्हत्या. मशीनच्या नोंदीप्रमाणे त्याचं आयुष्य बरंच संपत आलं होतं, पण अजून हंगामभर पुरेल इतकं शिल्लक होतं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. थर्मल फ्यूज तुटलेला सापडला की काही जण तिथे वायरचा तुकडा जोडून मशीन चालू करून देतात. मशीन चालतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण तो फ्यूज म्हणजे फ्यूजर बेफाम तापला तर वीज तोडणारा शेवटचा पहारेकरी आहे, आणि त्याच्या आजूबाजूला सगळा कागद असतो. कुणी असं करून देऊ म्हणालं तर मशीन बंद ठेवलेलं बरं.

वायरमननी तोवर मीटर बोर्डापासून अडीच एमएमची तांब्याची वायर वेगळी ओढली, अर्थिंगसह, आणि शेवटी 16 अँपिअरचं सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी बसवला. त्या लाइनवर दुसरं काही ठेवलं नाही. वायर, सॉकेट, एमसीबी आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या आत काम झालं. दुपारी एकला मशीन नव्या सॉकेटवर तापलं. मीटरवर 218, मशीनवर 216.

उरलेल्या कच्च्या 30 शीट टाकून द्यायला ताई तयार होत्या. मी म्हटलं आधी एक करून बघू. टोनर अर्धवट चिकटलेला असेल तर तीच शीट पुन्हा फ्यूजरमधून नेली की बहुतेक वेळा पक्की होते. हाताने कागद घालायच्या बायपास ट्रेमध्ये शीट घालायची, कागदाची जात जाड कार्ड ठेवायची, आणि कोरी पानं छापायला द्यायची. काही मशीनं पूर्ण कोरं पान गाळून टाकतात, म्हणून कापून जाणाऱ्या कडेला एक बारीक ठिपका ठेवला. पहिली शीट आली, घडी घातली, नखाने ओढली, काही सुटलं नाही. 30 पैकी 26 वाचल्या, चार शीटवर हाताळताना आधीच टोनर फरफटला होता त्या गेल्या. हा उपाय अर्धकच्च्या शीटसाठीच आहे. बोट लावताच पूड येत असेल तर असली शीट आत घालू नये, ती पूड आतल्या रोलरांना लागते आणि पुढच्या पन्नास शीट मळतात.

मी लगेच निघालो नाही, कारण दुपारचं चालणं हा पुरावा नव्हता. संध्याकाळी सातला, गल्लीतले कूलर फिरत असताना, पत्रिकांचं उरलेलं काम लावलं. मीटरवर 205 आणि मशीनवर 203 दिसले. दर पंचवीस शीटनंतर ताई एक काढून घडी घालून बघत होत्या. मीही सांगितलं की सलग अडीचशे न लावता पन्नास-पन्नासचे गठ्ठे करा, मध्ये दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, म्हणजे फ्यूजर सावरतो. सव्वाआठपर्यंत सगळं निघालं. हँडबिलं त्याआधीच ऑफसेटवाल्यांकडून एसटीने आली होती. मामांच्या 380 पत्रिका शनिवारी दुपारीच पोचल्या.

आता दुकानात मशीनच्या बाजूला एक पुठ्ठा टांगलेला आहे. सकाळी दहा आणि संध्याकाळी साडेसात, मशीन तापत असतानाचं व्होल्टेज ताई त्यावर लिहितात. त्यासाठी नव्या सॉकेटशेजारी वायरमननी एक छोटा व्होल्टमीटर कायमचा बसवून दिला. 195 च्या खाली आकडा गेला तर जाड कार्ड सकाळवर ढकलायचं, असं आमचं ठरलं आहे. मे महिन्यात दोनदा तसं करावं लागलं. तीन केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्यायचा की नाही हा प्रश्न त्यांनी पावसाळ्यापर्यंत मागे ठेवला. फ्यूजर मात्र दिवाळीआधी बदलावाच लागेल, त्यासाठी त्या दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकतात. लॅमिनेशनचं टेबल अजून जुन्याच भिंतीला आहे.